बोर्डावरची आठवी खुर्ची आणि एक निनावी फॉर्म: उद्यमबागमधल्या एका लिस्टेड फाउंड्रीचं प्रकरण

मी बेळगावात कंपनी सेक्रेटरीची प्रॅक्टिस करतो. खाली जे लिहिलंय ते घडलेलंय, पण कंपनी ओळखू येऊ नये म्हणून माणसं, मालाचा तपशील आणि काही आकडे बदललेत. नियमांचे आकडे आणि तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्यात. ज्यांच्यावर बेतली त्यांनीच म्हटलं की लिहा, दुसऱ्याला तरी उपयोग होईल.

## पार्श्वभूमी

उद्यमबागमधली कास्टिंगची कंपनी. आबांनी एका भट्टीवर सुरू केली, मग मच्छेला दुसरं युनिट, मग शेअर बाजारात लिस्टिंग. आबा आता सत्तरीच्या पुढं, पगार घेत नाहीत, रोजच्या कामात नाहीत, पण चेअरमन तेच. थोरला मुलगा एमडी, त्याला सगळा कारखाना दादा म्हणतो. धाकटा पूर्णवेळ डायरेक्टर, प्रॉडक्शन बघतो. चौथ्या वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस. आणि चार स्वतंत्र संचालक, सगळे पुरुष. एकूण आठ.

हे आठातले चार काही हौसेनं ठेवलेले नाहीत. चेअरमन बिगर-कार्यकारी असेल आणि वर प्रमोटरही असेल तर सेबीच्या लिस्टिंग नियमांतला १७ वा नियम (सगळे त्याला एलओडीआर म्हणतात) निम्मं बोर्ड स्वतंत्र मागतो. आबा खुर्चीत आहेत तोवर निम्म्याच्या खाली जायचं नाही.

वहिनी बोर्डावर कशा आल्या तेही सांगतो, पुढं त्याला अर्थ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १४९ आलं, प्रत्येक लिस्टेड कंपनीत किमान एक महिला संचालक पाहिजे. सेबीनं आधी १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत दिली होती, ती वाढवून १ एप्रिल २०१५ केली, आणि मार्च २०१५ मध्ये देशभरात जी धावपळ झाली तिच्यात बऱ्याच घरांतून बायको, सून नाहीतर मुलगी बोर्डावर आली. कायद्यानं त्यात चूक काही नव्हती, महिला पाहिजे एवढंच म्हटलेलं, स्वतंत्र पाहिजे असं नाही. वहिनींनी संमतीच्या फॉर्मवर सही केली ती टिळकवाडीच्या घरी, पोळ्या लाटता लाटता हात पुसून. हे त्यांनीच मला नंतर हसत सांगितलं. शिक्षण म्हणाल तर बीकॉम, लग्नाआधी दोन वर्षं एका सीएकडं काम केलेलं. हे दहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच गडबडीत १ एप्रिल २०१५ पासून एक स्वतंत्र संचालक घेतले होते, निवृत्त प्राचार्य, आपण सर म्हणू. स्वतंत्र संचालकाला सलग दोनच टर्म मिळतात, एकेक जास्तीत जास्त पाच वर्षांची. म्हणजे सरांची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपणार हे दहा वर्षं आधीपासून कॅलेंडरवर लिहिलेलं होतं.

## अडचण

२०२४ मध्ये शेअर चांगला चढला. मार्केट कॅपनुसार पहिल्या १००० कंपन्यांत कंपनी पहिल्यांदाच आली. घरात पेढे वाटले, खरंच वाटले, मलाही कुंद्याचा डबा आला. पण पहिल्या १००० ला वेगळा नियम आहे, तिथं नुसती महिला संचालक चालत नाही, स्वतंत्र महिला संचालक लागते. पहिल्या ५०० ला हे १ एप्रिल २०१९ पासून आहे, १००० ला १ एप्रिल २०२० पासून.

क्रमवारी पूर्वी ३१ मार्चच्या एका दिवसाच्या भावावर ठरायची. आता १ जुलै ते ३१ डिसेंबर अशा सहा महिन्यांच्या सरासरीवर ठरते आणि यादीत नव्यानं आलेल्याला १ एप्रिलपर्यंत वेळ मिळतो. म्हणजे हातात जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

जानेवारीच्या मीटिंगनंतर चहा घेताना मी विषय काढला तर दादा म्हणाले, "वहिनी आहेत की ओ आपल्या." बायकोला बोर्डाच्या गप्पांत ते वहिनीच म्हणतात, सगळे म्हणतात म्हणून. म्हटलं, आहेत, पण एमडीची बायको आणि चेअरमनची सून कुठल्याच व्याख्येत स्वतंत्र बसत नाही. तर म्हणाले, "मग तीन महिने मिळतातच की, जागा रिकामी झाली की."

हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय म्हणून जरा थांबून सांगतो. तीन महिन्यांची सवलत खरी आहे, पण कुणी अचानक राजीनामा दिला, वारलं, काढलं, अशा रिकाम्या जागेला. मुदत संपून जागा रिकामी होत असेल तर ती त्याच तारखेपर्यंत भरलेली पाहिजे, कारण तारीख तुम्हाला आधीपासून माहीत होती. आणि १००० मध्ये आल्यामुळं जी स्वतंत्र महिला लागते ती तर रिकामी जागाच नव्हे, ती नवी अट आहे, तिला सवलत कसली? कंपनी कायद्याच्या नियमांत महिला संचालकाची जागा मधेच रिकामी झाली तर पुढची बोर्ड मीटिंग किंवा तीन महिने, जे नंतर येईल ते, असं आहे. दादांच्या डोक्यात ते बसलेलं. पण वहिनी कुठं गेल्याच नव्हत्या, त्यामुळं कंपनी कायदा पाळला जातच होता. मोडणार होता तो सेबीचा नियम.

थोडक्यात १ एप्रिलला सरांच्या जागी बाई आली नाही तर दोन गोष्टी एकदम बिघडणार. स्वतंत्र महिला नाही, आणि सात जणांत तीनच स्वतंत्र म्हणजे निम्म्यालाही कमी.

## कुठले पर्याय तोलले

आबांचा पहिला विचार असा की सरांच्या जागी त्यांचे एक जुने मित्र घ्यायचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि शिवाय एक बाई घ्यायची. हिशेब मांडून दाखवला, नऊ जणांचं बोर्ड, निम्मं म्हणजे साडेचार, म्हणून पाच स्वतंत्र. उरलेले तीन, मित्र आणि बाई मिळून पाच होतात, बसतंय. पण नंतर त्या पाचांतला एक जरी गेला तरी परत काठावर, आठांत चार, आणि कुठलीही घाई आली की दोघांची सोय बघत बसायचं. आबांनी स्वतःच सोडून दिलं.

दुसरा पर्याय आबांची भाची, धारवाडला वकिली करते. इथं कायदा गमतीशीर आहे. नातेवाईक कोण याची यादी दिलेली आहे, त्यात नवरा-बायको, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आहेत, एकत्र कुटुंबातले सदस्य आहेत, भाची नाही. कागदावर ती निघू शकली असती. पण लिस्टिंग नियमांच्या व्याख्येत प्रमोटरशी संबंध नसावा असं मोकळं वाक्य आहे, बोर्डाला तिच्या स्वतंत्रपणाबद्दल आपलं मत लिहून द्यावं लागतं, आणि स्वतंत्र संचालकाची नेमणूक भागधारकांच्या विशेष ठरावानं करावी लागते म्हणजे पडलेल्या मतांच्या ७५ टक्के. प्रमोटरांकडं ५८ टक्के होते. सगळ्यांनी मतदान केलं तर एकट्याच्या जिवावर ठराव पास होत नाही. म्युच्युअल फंडवाल्यानं एक फोन करून विचारलं, मामा-भाची का हो, तर काय सांगणार? मी नको म्हटलं.

तिसरा, वहिनींची कॉलेजची मैत्रीण, लेक्चरर. कायद्यानं स्वच्छ, उद्या सही करायला तयार. माझं मत मी तेव्हाच सांगितलं की ही जागा अशी भरली तर दहा वर्षांपूर्वीचा मार्च परत करताय, फक्त आडनाव वेगळं. नियम नेमणूक समितीला, म्हणजे एनआरसीला, प्रत्येक स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीआधी बोर्डावर कुठली कौशल्यं आहेत, कुठली नाहीत ते बघून पदाचं वर्णन तयार करायला लावतो. ते एक पान आम्ही तेव्हा पहिल्यांदा मनापासून केलं. फाउंड्री कळणारे पाच जण निघाले, शिक्षणातले दोन, आणि पैसा, कर्ज, येणं-देणं वाचू शकेल असा एकच, तोही सीए असून ऐंशीकडं झुकलेला. एक्सपोर्ट वाढत होता, डॉलरमधली येणी वाढत होती. म्हणजे पाहिजे होतं ते बँकिंगचं माणूस.

आणि चौथा पर्याय, जो आम्ही निवडला आणि जो तोंडावर आपटला, तो म्हणजे उद्यमबागमधल्याच एक उद्योजिका. कास्टिंगचे साचे ज्यावरून काढतात ते पॅटर्न बनवायचं शॉप चालवतात, वीस वर्षं धंद्यात, कुणाला न घाबरणाऱ्या. फायनान्सवाल्या नव्हेत, पण धंद्याचा पैसा स्वतः बघतात म्हणून समितीला बऱ्या वाटल्या. १० फेब्रुवारीला एनआरसीनं नाव पक्कं केलं. २४ मार्चची बोर्ड मीटिंग ठरली.

## कुठं फसलं

समितीनं त्यांना विचारलं, प्रमोटरांशी नातं आहे का? नाही. शेअर आहेत का? नाहीत. झालं.

१९ मार्चला कंपनीची सीएस, म्हणजे पगारी कंपनी सेक्रेटरी, निपाणीची तरुण मुलगी, आमच्यात सगळ्यात कमी पगाराची, अकाउंट्समध्ये काहीतरी सही घ्यायला गेली होती. तिथला क्लार्क मार्चअखेरच्या व्हेंडर पेमेंटची यादी काढत बसलेला. त्यात तिला पॅटर्न शॉपचं नाव दिसलं. मालक कोण म्हणून जीएसटीचा कागद बघितला तर याच बाई. कंपनी वर्षाला त्यांच्याकडून पावणेदोन कोटींच्या आसपासचं पॅटर्नचं काम करून घेत होती.

संध्याकाळी दादांच्या केबिनमध्ये बसलो. दादांचं म्हणणं, आपल्या एकूण खरेदीच्या एक टक्काही नाही हे, ह्याला मटेरिअल सप्लायर कोण म्हणेल? प्रश्न रास्त आहे, कारण मटेरिअल म्हणजे किती टक्के हे त्या कलमात लिहिलेलं नाही. मी म्हटलं आकडा दुसऱ्या बाजूनं बघूया, त्यांच्या धंद्यात आपण किती? बाईंनाच फोन लावला. त्यांनी एका दमात सांगितलं, "दर तीन रुपयांतला एक तुमचा आहे की." मग त्याच म्हणाल्या, मला हे कुणी विचारलंच नाही, मला वाटलं तुम्हाला माहीतच आहे.

मला त्या दिवशी कळलं की ह्या कसोटीत कंपनीचा टक्का बघून भागत नाही, त्या माणसाला तुमच्या तोंडावर नाही म्हणणं परवडेल का ते बघावं लागतं. धंद्याचा तिसरा हिस्सा ज्याच्याकडून येतो त्याच्या ठरावाविरुद्ध हात वर करायला कोण धजेल? शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १४९ मध्ये तर संचालकाच्या स्वतःच्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच व्यवहार चालतो असंच लिहिलंय, म्हणजे कायदाही त्यांच्याच बाजूनं मोजतो. बाईंनी स्वतःच नाव मागं घेतलं. दादा म्हणाले निदान व्हेंडर बदलून तीन महिन्यांनी घेऊ, पण मागची तीन आर्थिक वर्षंही बघतात, त्यामुळं तोही दरवाजा बंद.

हातात बारा दिवस.

## काय केलं

२० मार्चला रात्री दोन रस्ते उरले. वहिनींच्या मैत्रिणीला परवा आणायचं, नाहीतर दंड भरत योग्य माणूस शोधायचा. १७ (१) मोडलं की एक्स्चेंज दिवसाला ५,००० रुपये लावतं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. दादांनी कॅल्क्युलेटर काढला. आबा तोवर गप्प होते, ते म्हणाले, "एक वितळ वाया गेली तर ह्याच्यापेक्षा जास्त जातंय. माणूस नीट बघा." दंड भरायचा सल्ला मी दिला नाही, पण क्लायंटनं तो भरायचं ठरवलेलं आयुष्यात पहिल्यांदा आनंदानं ऐकलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हा सल्ला म्हणून घेऊ नका. दंड थोडे दिवस परवडतो पण सलग दोन तिमाही उल्लंघन राहिलं तर शेअर झेड गटात, म्हणजे नियम मोडणाऱ्यांच्या गटात जातो, प्रमोटरांची होल्डिंग गोठवायची तरतूद आहे. आम्ही जूनअखेरच्या आत संपवायचंच असं लिहून ठेवलं होतं.

मग स्वतंत्र संचालकांची सरकारी डेटाबँक आहे, मानेसरच्या आयआयसीए संस्थेची, तिच्यात शोधलं, आणि ओळखीनंही. सापडल्या त्या मॅडम मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, सरकारी बँकेतून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या, पुण्यात स्थायिक. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही. त्यांच्या बँकेचं कंपनीला कर्ज नव्हतं, कधीच. ह्या वेळी नाव बोर्डासमोर जाण्याआधी सीएसनं त्यांचा आणि घरच्यांचा पॅन आमच्या व्हेंडर, कस्टमर आणि भाड्याच्या यादीशी ताडून बघितला. अर्धा तास लागला. अर्धाच तास.

मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागवले, ऑडिटरशी बोलायचं म्हणाल्या, विमा आहे का विचारलं, डायरेक्टरांचा. ह्यात दहा-बारा दिवस गेले. दादांची चिडचिड होत होती, रोजचे पाच हजार नऊशे पडतायत आणि ह्या अहवाल वाचतायत. मला उलट बरं वाटलं. संचालकाचा नंबर म्हणजे डीआयएन, डिजिटल सही, संमतीपत्र, स्वतंत्रपणाचं घोषणापत्र, डेटाबँकेत नोंदणी. डेटाबँकेची परीक्षा असते पण ती नोंदणीपासून दोन वर्षांत द्यायची असल्यानं नेमणूक अडली नाही. १४ मेच्या मीटिंगमध्ये निकालांबरोबर त्यांची नेमणूक झाली.

१ एप्रिल ते १३ मे, ४३ दिवस. २,१५,००० दंड, ३८,७०० जीएसटी, एकूण २,५३,७०० रुपये. दोन उल्लंघनं असली तरी कलम एकच म्हणून दंड एकदाच बसला. तो बोर्डापुढं ठेवावा लागतो आणि बोर्डाचं म्हणणं एक्स्चेंजला कळवावं लागतं, ते सगळ्यांना वाचता येतं. आम्ही खरं तेच लिहिलं, की उमेदवाराचा व्यवहार उशिरा लक्षात आला.

भागधारकांची मंजुरी तीन महिन्यांत किंवा पुढच्या सभेत, जे आधी येईल तेव्हा घ्यावी लागते. एजीएम सप्टेंबरमध्ये होती म्हणून पोस्टल बॅलट काढलं, जुलैच्या सुरुवातीला विशेष ठराव आरामात पास झाला.

## मूल्यमापन

इथपर्यंत गोष्ट साधी आहे. खरी मजा पुढच्या फेब्रुवारीत.

बोर्डाचं वार्षिक मूल्यमापन लिस्टेड कंपनीला करावंच लागतं. पूर्ण बोर्डाचं, समित्यांचं, एकेका संचालकाचं. स्वतंत्र संचालकाचं मूल्यमापन तो सोडून बाकीचं सगळं बोर्ड करतं. आणि संचालकांच्या अहवालात ते कसं केलं हे लिहावं लागतं. आमच्याकडं ते वाक्य दहा वर्षं कॉपी-पेस्ट होतं. फॉर्म असायचा, पंचवीस प्रश्न, एक ते पाच गुण, आठही जण पाचावर गोल करायचे. एका वर्षी धाकट्यांनी चुकून दुसऱ्याचा फॉर्म भरला होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, गुण काढून टाका, तारखा विचारा. म्हणजे "नोट्स वेळेवर मिळतात का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, पण "मागच्या चार मीटिंगच्या नोट्स तुमच्या हातात कुठल्या तारखेला आल्या" म्हटलं की माणूस फोन उघडून बघतो. सेक्रेटेरिअल स्टँडर्डप्रमाणं नोट्स सात दिवस आधी जायला पाहिजेत. असे सहा प्रश्न आणि खाली मोकळी जागा. नाव लिहायचं नाही, लिफाफ्यात घालून सीएसकडं.

आठ लिफाफे आले. सात जणांनी तीन-चार दिवस आधी वगैरे तारखा लिहिल्या, म्हणजे उशीर होताच. आठव्यात चारही रकान्यांत एकच शब्द होता, "नाहीत". आणि खाली निळ्या शाईत, "मला नोट्स येत नाहीत. मीटिंगच्या दिवशी वही सहीला येते. मच्छेच्या गोडाऊनचं भाडं कसं ठरलं हे मला दोन वर्षं विचारायचं आहे."

ते गोडाऊन आबांच्या मिसेसच्या, म्हणजे काकूंच्या नावावर, कंपनीला भाड्यानं दिलेलं. म्हणजे संबंधित व्यक्तीचा व्यवहार.

दादांनी गृहीत धरलं की मॅडम. आणखी कोण असणार? एवढं चिकित्सक दुसरं कोण होतं? त्यांनी पुण्याला फोन लावला, आवाज चढलेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दोन वर्षं म्हटलंय ना त्यात? मला यायला अजून वर्षही झालेलं नाही."

दादा फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग सीएसला बोलावून वहिनींना नोट्स कुठं पाठवतेस म्हणून विचारलं. तिनं स्क्रीन फिरवून दाखवली. वहिनींच्या नावापुढं जो ईमेल होता तो दादांच्या ऑफिसचा होता, मार्च २०१५ पासून. तेव्हा वहिनींचा ईमेल नव्हता म्हणून कुणीतरी घाईत तो टाकला, आणि नंतर आलेल्या प्रत्येक सीएसनं तोच पुढं चालवला. त्यात मीही आलो, दोन वर्षं मीच त्यांचे फॉर्म भरत होतो आणि माझ्या नजरेखालून तो पत्ता गेलेला आहे. सिटिंग फी मात्र नियमित जमा होत होती, इतरांएवढीच, कारण महिला संचालकाची फी इतरांपेक्षा कमी ठेवता येत नाही असा नियमच आहे.

घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, विचारायचंही नव्हतं. चार दिवसांनी वहिनींचाच मला फोन आला. म्हणाल्या, "अक्षर ओळखलं नाही की हो कुणी. दहा वर्षं सह्या बघतायत माझ्या."

## पुढं काय झालं

स्वतंत्र संचालक वर्षातून एकदा तरी बाकीच्यांना बाहेर ठेवून वेगळे बसतात, आणि व्यवस्थापनाकडून माहिती वेळेवर आणि नीट येते का हे तिथं तपासायचंच असतं. त्या मार्चमध्ये चौघांनी ते मनावर घेतलं. ठरलं ते असं, की नोट्स सात दिवस आधी, प्रत्येकाच्या स्वतःच्या ईमेलवर, आणि पोचल्याची नोंद सीएसकडं. निकालासारखी गुपित माहिती उशिरा दिली तरी चालते, पण ती कुठली ते आधी सांगायचं.

गोडाऊनचं भाडं ऑडिट कमिटीत परत गेलं. असे व्यवहार कमिटीतले फक्त स्वतंत्र सदस्यच मंजूर करू शकतात. मॅडमनी मच्छे आणि काकती औद्योगिक भागातल्या तीन गोडाऊनचे भाडेकरार मागवले. आमचं भाडं थोडं जास्त निघालं, फार नाही, पण जास्त. आबांनी बायकोच्या वतीनं कमी करून दिलं, कुरकुर न करता. काकूंनी केली असेल.

सगळंच सुधारलं असंही नाही. मराठीत चहावर ठरवून मग इंग्रजीत मिनिट्स लिहायची सवय अजून आहे. रविवारी टिळकवाडीच्या जेवणाच्या टेबलावर निम्मे विषय संपतात आणि सोमवारी बोर्डात नुसती मान डोलावली जाते, ह्याला कुठलं कलम लावणार?

## परत करायचं झालं तर

सर्वात आधी, सरांची मुदत संपायची तारीख दहा वर्षं माहीत होती तर शोध आदल्या जुलैत सुरू व्हायला पाहिजे होता, मार्केट कॅपची सरासरी मोजायला सुरू होते तेव्हाच. सप्टेंबरच्या एजीएममध्ये ठराव घेतला असता तर पोस्टल बॅलटही वाचलं असतं. ती चूक माझी जास्त, त्यांची कमी.

पॅन ताडणं नाव समितीसमोर जाण्याआधी. उमेदवाराला "नातं आहे का" एवढंच न विचारता "तुमच्या, घरच्यांच्या, तुमच्या फर्मच्या उत्पन्नात आमचा किती वाटा" हे लेखी विचारायचं. त्या उद्योजिकेची विनाकारण गावात चर्चा झाली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आठ जणांत निनावी फॉर्म हे थोतांड आहे. ह्या वेळी अंदाज चुकला म्हणून गंमत झाली, पण चुकला नसता तर मॅडमनाच त्रास झाला असता, आणि त्यांची दुसरी टर्म ज्या मूल्यमापनावर ठरणार ते करणाऱ्यांत दादाही आहेत. पुढच्या वर्षी लिफाफे बाहेरच्या माणसाकडं जाणार आहेत, त्यानं सगळ्यांची उत्तरं टाइप करून, एकत्र करून द्यायची. कायदा बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करू देतो, खर्च दंडापेक्षा कमीच येतोय.

आणि कौशल्यांचा तक्ता, जो वार्षिक अहवालात संचालकांच्या नावानिशी छापावा लागतो. त्यात वहिनींच्या नावापुढं दरवर्षी "सामान्य प्रशासन" छापून येत होतं. ह्या वर्षीच्या मसुद्यात सीएसनं त्यांना विचारून "लेखा" असं घातलं, आणि वहिनींनी नव्या ईमेलवरून उत्तर पाठवलं की सोबतच्या नोट्समध्ये पान १४ वरची एक्स्पोर्टच्या येण्यांची बेरीज जुळत नाही, तेवढी बघून घ्या.